सवाल उरला, जवाब गेला

जब्बार पटेल यांच्या 'सामना' (१९७४) या चित्रपटातील एक वाक्य पन्नास वर्षांनंतरही मराठी बोलण्यात वावरते आहे : 'मारुती कांबळेचं काय झालं?' चित्रपट न पाहिलेले लोकही ते वापरतात. एखादे प्रकरण दडपले जात असल्याचा वास आला की वर्तमानपत्रांचे मथळेकार ते वापरतात आणि सभागृहात विरोधी बाकांवरचे सदस्यही वापरतात. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या वाक्यात शिवी नाही, उपमा नाही, यमक नाही, नायकाची फुशारकीही नाही. व्याकरणदृष्ट्या तो एक साधा, जवळजवळ सौम्य प्रश्न आहे. तरीही मराठी पडद्यावर खलनायकाचा याहून मोठा पाणउतारा झालेला मला आठवत नाही.

आज आपण ज्याला 'पंच डायलॉग' म्हणतो, त्याची घडण याच्या अगदी उलट आहे. तिथे नायक थांबतो, कॅमेरा जवळ येतो, वाक्य पडते, त्यामागे वाद्यांचा दणका वाजतो आणि खलनायक निरुत्तर होतो. निरुत्तर होणे हे त्याच्यासाठी पटकथेतच लिहिलेले असते. या दोन प्रकारांत मला फरक दिसतो तो अभिरुचीचा नाही. उच्च आणि हीन अशी वाटणी करून हा विषय सुटत नाही, कारण शिट्टी वाजवणारा प्रेक्षक मूर्ख नसतो. फरक आहे तो प्रत्युत्तराच्या जागेचा. अपमान ऐकून तिसऱ्याच माणसाला आनंद का व्हावा, या प्रश्नाचे उत्तर मला त्या जागेत सापडते असे वाटते. तिचा माग काढायचा तर चित्रपट जन्माला येण्याच्या पुष्कळ आधीपासून सुरुवात करावी लागते.

पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरीच्या प्रांतात कलगी आणि तुरा असे दोन पक्ष प्रबळ होते. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानणार. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. तत्त्वज्ञानातला हा वाद डफ-तुणतुण्याच्या साथीने, गावच्या चावडीसमोर, रात्र रात्र चालत असे. एका फडाने भेदिक लावणीतून कूट घालायचे, दुसऱ्याने ते पुराणांच्या आधाराने उकलायचे आणि लगेच त्याहून अवघड कूट परत टाकायचे. जो अडला तो हरला. हरलेल्याने आपला डफ खाली ठेवायचा, अशीही रीत सांगितली जाते. आता या सगळ्यात अपमान कुठे आला? तो कुटाच्या पोटात असे. कूट घालताना शाहीर समोरच्याला 'तुझ्या गुरूने तुला हे शिकवले नाही काय' असे विचारी, त्याच्या अकलेची, फडाची, पंथाची रेवडी उडवी आणि मगच मूळ सवालाकडे येई. श्रोत्यांना शक्ती श्रेष्ठ की शिव याचा निकाल हवा असे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्यांना हवे असे ते हे की, इतका मर्मी वार झाल्यावर आता समोरचा उठतो कसा आणि काय घेऊन उठतो.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी नाही. वीथी या रूपकप्रकाराची जी तेरा अंगे सांगितली आहेत, त्यांत 'अधिबल' नावाचे एक अंग आहे. दोन पात्रांनी स्पर्धेने एकाच्या वाक्यावर दुसऱ्याने वरचढ वाक्य चढवत जाणे, असे त्याचे स्वरूप. शास्त्रकारांनी ते एका पात्राच्या नव्हे तर दोघांच्या परस्परसंबंधाच्या रूपात सांगितले, हे मला महत्त्वाचे वाटते. वरचढ वाक्य एकट्याने बोलता येत नाही. त्याला खाली एक वाक्य लागते.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुलांच्या टोळ्यांमध्ये चालणाऱ्या निंदेच्या खेळांचा अभ्यास केला आणि १९७२ साली त्यावर लिहिले. त्यांचे निरीक्षण असे : ही मुले एकमेकांच्या आयांविषयी, घरच्या दारिद्र्याविषयी भयंकर बोलतात, पण त्या बोलण्यातली गोष्ट उघडउघड खोटी, अशक्य कोटीतली असली पाहिजे. ती तशी असेल तर समोरचा त्याहून अशक्य गोष्ट रचून उत्तर देतो आणि भोवतालची मुले दाद देतात. मात्र बोललेली गोष्ट चुकून खरी निघाली की खेळ तिथेच मोडतो. मग उत्तर येत नाही. येतो तो इन्कार, नाही तर राग. म्हणजे रंगतदार अपमानाच्या दोन अटी झाल्या. तो सर्वांना खोटा म्हणून माहीत हवा आणि त्याला उत्तर देण्याची वाट मोकळी हवी. कलगी-तुऱ्यात दोन्ही अटी पाळल्या जातात. प्रतिस्पर्धी शाहीर खरोखर बिनडोक आहे असे कोणालाच वाटत नाही. तसे वाटते तर त्याच्याशी रात्रभर भांडायला कोण बसले असते?

तमाशातल्या सोंगाड्याने या खेळात आणखी एक भर घातली. शाहीर शाहिराशी भांडतो तेव्हा ते बरोबरीचे असतात. सोंगाड्याच्या समोर मात्र राजा असतो, पाटील असतो, हवालदार असतो. खालच्या माणसाने वरच्याचा अपमान करायचा तर कसा? बतावणीतले तंत्र दाखवण्यासाठी मीच एक लहानसा नमुना रचतो. राजा म्हणतो, 'आमच्या राज्यात कोणी उपाशी झोपत नाही.' सोंगाड्या हात जोडून म्हणतो, 'खरं हाय सरकार, उपाशी मानसाला झोप येतीया कुठं?' इथे सोंगाड्याने राजाला विरोध केलेला नाही. त्याने 'खरं हाय' म्हटले, 'सरकार' म्हटले, हातही जोडले. त्याने फक्त राजाच्या वाक्यातला जोर 'उपाशी'वरून काढून 'झोपत'वर ठेवला. राजाचेच शब्द, राजाच्याच क्रमाने त्याच्यावर उलटले. राजाला चिडता येत नाही, कारण चिडायचे तर आधी अर्थ कळल्याचे कबूल करावे लागेल.

मराठीत अपमानाची सगळी यंत्रणा या आदरार्थी रूपांवर उभी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. वरून खाली येणारा अपमान आदर काढून घेतो : 'तुम्ही'चा 'तू' होतो, 'आलात' चे 'आलास' होते, नावाला 'या' लागून रामचंद्राचा राम्या होतो. खालून वर जाणारा अपमान नेमके उलटे करतो. तो आदर इतका वाढवतो की त्याचे ओझे व्हावे. 'सरकार', 'मालक', 'धनी' हे शब्द सोंगाड्याच्या तोंडात असे काही फिरतात की त्यांतला मान गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा सोंगाड्या रंगमंचावर पाटलाची टोपी उडवत असे, पण फडातली बहुसंख्य मंडळी महार, मांग, कोल्हाटी समाजांतली होती आणि सकाळी त्याच गावात त्याच पाटलाच्या समोरून त्यांना मान खाली घालून जावे लागत होते. म्हणजे लबॉव्ह यांनी सांगितलेली 'उघडउघड खोटे' ही अट इथे एका नाजूक धाग्यावर लोंबकळत होती. पाटील हसत होता, कारण वगातला पाटील आपण नव्हेच असे त्याला मानता येत होते. बाकीचे गाव हसत होते ते नेमके उलट कारणाने. एकाच वाक्यावर दोन हशे, आणि दोन्ही मनापासूनचे.

हा धागा तुटला की काय होते, याचे उदाहरण तमाशातले नव्हे, संगीतविरहित 'गंभीर' रंगभूमीवरचे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, म्हणजे उघड उघड दूरची. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, संयम धरणारा धर्मराज आणि न धरणारा भीम. पण कीचकाच्या तोंडी राज्यकर्ता आणि दास यांची जी भाषा होती, सत्तेचा जो माज होता, तो ऐकताना प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागले. नावाचा उच्चार कुठेही नव्हता. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने पुढे लिहून ठेवले की, नाटकगृहातल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे न सांगता समजत होते. सरकारलाही ते समजलेच. १९१० साली नाटकावर बंदी आली.

'कीचकवधा'कडे आपण देशभक्तीच्या इतिहासातले पान म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण खलनायकाच्या तोंडच्या टाकून बोलण्यातून प्रेक्षकाला मिळणाऱ्या आनंदाचा पुरावा म्हणूनही ते वाचायला हवे. तिथे टाळ्या भीमाला पडत असणार, हे उघड आहे. तरी नाटक पेटत होते ते कीचकाच्या वाक्यांनी. प्रेक्षागृहातल्या माणसाला दिवसभर जो अपमान कचेरीत, रेल्वेच्या डब्यात, वर्तमानपत्रांतल्या सरकारी भाषणांत तुकड्यातुकड्याने गिळावा लागत होता, तो कीचक एका जागी, स्पष्ट शब्दांत, उजेडात उभा राहून बोलत होता. अपमान ऐकण्यातही सुटका असते, जर तो करणारा पाचव्या अंकात मरणार हे ठाऊक असेल तर. खलनायकाचे जहरी बोलणे आपल्याला का आवडते, याचे अर्धे उत्तर इथे आहे : ते आपल्या मनातल्या सलाला आवाज देते आणि त्याच वेळी त्याच्या शेवटाची हमीही देते.

आता मराठी चित्रपट. हंसा वाडकरांची प्रमुख भूमिका असलेला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सुमारे अडीच वर्षे चालला. तमाशापटांची जी लाट त्यानंतर आली तिने सवाल-जवाब सरळ पडद्यावर आणला. माने यांच्याच १९६४ च्या चित्रपटाचे नाव 'सवाल माझा ऐका!' असावे, यात त्या काळाची आवड दिसते. जयश्री गडकर यांच्या या चित्रपटांकडे मी आणखी एका कारणासाठी पुन्हा पाहतो. सवाल-जवाबाच्या चौकटीत स्त्रीला शेवटचा शब्द मिळण्याची शक्यता असते. फड तिचा असतो, सवाल तिचा असतो आणि समोरचा पुरुष हरू शकतो. पुढे पंच डायलॉग आला तेव्हा ही जागा जवळपास बंद झाली. तिथे नायिका बहुधा वाक्य ऐकणारी असते; कित्येकदा तर खलनायकाआधी तिचाच तोरा उतरवून नायक हात साफ करून घेतो.

याच तमाशाच्या आणि लोकनाट्याच्या मुशीतून निळू फुले (१९३०–२००९) आले. पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा नट शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नावारूपाला आला आणि 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटाने पडद्यावर गेला. म्हणजे मुळात त्यांचे शिक्षण सोंगाड्याचे. खालून वर जाणाऱ्या अपमानाचे सगळे बारकावे त्यांच्या जिभेवर होते : आवाज खाली ठेवणे, वाक्याचा शेवटचा स्वर किंचित ओढणे, आदरार्थी शब्दावर रेंगाळणे, बोलून झाल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे निरागसपणे पाहत राहणे. आणि मराठी चित्रपटाने त्यांना भूमिका दिल्या त्या पाटलाच्या, सावकाराच्या, सभापतीच्या.

त्यांच्या खलनायकीचे रहस्य मला या उलटापालटीत दिसते. सोंगाड्याचे हत्यार पाटलाच्या हातात गेले. एरवीचा पडद्यावरचा खलनायक 'तू' म्हणून गरजतो. निळूभाऊंचा खलनायक 'तुम्ही' म्हणतो, 'राव' म्हणतो, 'बाई' म्हणतो आणि त्या मानाच्या शब्दाखाली माणूस चिरडतो. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला आवाज चढवण्याची गरज नाही, हे त्यांनी इतक्या सहजपणे दाखवले की खेड्यांतल्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहून बोटे मोडत, अशा आठवणी त्यांच्याविषयी नेहमी सांगितल्या जातात. नकलाकारांनी मग त्यांचा आवाज उचलला, घोगरा केला, वाड्यावर बोलावणारे एक वाक्य त्याला कायमचे चिकटवले आणि त्यातली भीती काढून टाकली. नकलेत उरला तो खर्ज. मूळ अभिनयात खर्जापेक्षा विराम मोठा होता.

'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील ही या विरामाची शिकवणी आहे. साखर कारखाना, कुक्कुटपालन, शाळा, सोसायट्या असे सारे काही मुठीत असलेला हा सहकारसम्राट. त्याच्या गावात एक दारूडा, भणंग, एके काळचा ध्येयवादी मास्तर येऊन पडतो. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. हिंदुराव त्याला हाकलून देत नाही. तो त्याला घरी आणतो, कपडे देतो, दारू पाजतो, आपले साम्राज्य फिरवून दाखवतो. आदरातिथ्य हीच इथे अपमानाची पद्धत आहे. प्रत्येक उपकाराने मास्तर थोडा लहान होत जातो आणि प्रत्येक वेळी 'मास्तर' हा शब्द मात्र पूर्ण मानाने उच्चारला जातो. हिंदुरावाला या माणसाचा राग नाही. त्याला करमणूक हवी आहे. एक प्रामाणिक माणूस आपल्या पैशावर पिताना पाहणे ही सत्ताधाऱ्याची केवढी करमणूक!

अशा माणसाला पंच डायलॉग मारून काही होणार नाही. मास्तरने त्याला शिव्या दिल्या असत्या तर हिंदुरावाने हसून आणखी एक बाटली मागवली असती, कारण शिवी ही खोटी असते आणि खोट्याला उत्तर देता येते. एखादे बाणेदार वाक्य फेकले असते तर त्याने दाद दिली असती. तो रसिकही आहे. मास्तर यांपैकी काहीच करत नाही. गावात फिरताना त्याच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येते. हा माणूस नाहीसा झाला आहे. कसा, ते कोणी बोलत नाही. मास्तर विचारू लागतो. भेटेल त्याला, दारूच्या नशेत, शुद्धीत, रस्त्यात, हिंदुरावाच्या घरात, तेच ते.

या प्रश्नाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. तो सवालच आहे, शाहिराने चावडीपुढे टाकावा तसा. पण त्याला भेदिक कुटाचे रूप नाही, कारण उत्तर कोणालाही शोधून काढायचे नाही. ते सगळ्या गावाला माहीत आहे. 'काय झालं' हे क्रियापद कर्त्याशिवाय येते. 'काय केलंत' असे मास्तर विचारत नाही, म्हणून हिंदुरावाला 'माझ्यावर आरोप करतोस?' असे उसळून म्हणता येत नाही. तसे म्हणणे हीच कबुली ठरेल. सोंगाड्याने राजाला जिथे अडकवले होते, नेमके तिथेच हिंदुराव अडकतो, पण या वेळी हसू फुटत नाही. कारण लबॉव्ह यांची पहिली अट मोडली आहे : गोष्ट खरी आहे. खेळाच्या आकाराचे वाक्य खेळाच्या बाहेर पडले आहे. आणि नावही पाहा. तेंडुलकरांनी नाहीशा झालेल्या माणसाला 'कांबळे' हे आडनाव दिले, तेव्हा गावकुसाबाहेरचा सगळा इतिहास त्या चार शब्दांत येऊन बसला. रात्री वगात पाटलाला टोमणे मारणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होत असेल, हा तमाशाने कधी न विचारलेला प्रश्न जणू इथे विचारला जातो.

आणि तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. पंच डायलॉगही पुन्हा येतो, पण तो प्रत्येक वेळी पहिल्याइतकाच ताजा, तितक्याच दिमाखात यावा अशी अपेक्षा असते. मास्तरचा प्रश्न दर वेळी अधिक कंटाळवाणा, अधिक हट्टी, अधिक वेडगळ होत जातो. हिंदुराव आधी हसण्यावारी नेतो, मग समजूत काढतो, मग धाक घालतो. त्याची भाषा बदलत राहते. प्रश्न बदलत नाही. सत्तेची जीभ थकताना ऐकू येणे, ही मराठी चित्रपटात क्वचित घडलेली गोष्ट आहे. तिचे श्रेय लागूंच्या इतकेच निळूभाऊंच्या ऐकण्याला आहे, कारण पाणउतारा दिसतो तो नेहमी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

यानंतरच्या काळात खलनायक पुन्हा उघडउघड खोटा झाला. महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' (१९९०) मधला कवट्या महाकाळ किंवा 'झपाटलेला' (१९९३) मधला बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू हे नावापासूनच सांगतात की आम्ही कोणाच्या गावात राहत नाही. त्यांच्यावर हसणे बिनधोक होते, आणि मुलांनी ते मनमुराद केले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उशिरा आलेली सोंगे आहेत ती.

'पंच डायलॉग' हा शब्द मात्र आपल्याकडे दक्षिणेकडून आला आणि त्याचा सर्वांत मोठा धनी रजनीकांत, म्हणजे बंगळूरच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड. मराठी मुलुखाच्या बाहेर गेलेल्या घरातल्या मुलाने तमिळ पडद्यावर ही कला पूर्णत्वाला न्यावी आणि ती फिरून आपल्याकडे यावी, यात योगायोगापलीकडचे काही शोधू नये, पण मौज वाटतेच. 'बाशा' (१९९५) मधल्या त्यांच्या गाजलेल्या वाक्याचा आशय असा की, मी एकदा बोललो म्हणजे शंभरदा बोलल्यासारखे आहे. 'सामना'तल्या मास्तरला एकच गोष्ट शंभरदा बोलावी लागते, आणि इथे एकदा बोललेले शंभरदा धरायचे! दोन्हींमधले अंतर सत्तेचे आहे. पंच डायलॉग बहुधा समोरच्याविषयी बोलतच नाही. तो बोलणाऱ्याविषयी असतो. निशिकांत कामत यांच्या 'लय भारी' (२०१४) मध्ये रितेश देशमुखच्या तोंडचे जे वाक्य पोराटोरांनी उचलले, तेही स्वतःच्या हातापायांचे कौतुकच आहे. खलनायकाचा अपमान त्यात उपफळ म्हणून येतो. आपल्या जुन्या नाटकांत याला वल्गना म्हणत आणि ती प्रायः राक्षसपक्षाच्या वाट्याला येई. नायकाने ती स्वीकारली, हा गेल्या अर्धशतकातला बदल आहे.

मग प्रत्युत्तराचे काय? तांत्रिक बाजूने पाहिले तर ते चित्रपटगृहात हलवले गेले. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. किती थांबायचे ते त्या रात्रीचे प्रेक्षक ठरवतात. चित्रपटात ही थांबण्याची जागा संकलनाच्या टेबलावर, प्रेक्षक येण्याच्या कितीतरी आधी मोजून ठेवावी लागते. वाक्यानंतरची ती दोन-चार सेकंदे संथ गतीच्या चालीने, उडणाऱ्या धुळीने, वाद्यांच्या आघाताने भरतात, म्हणजे शिट्ट्यांमध्ये पुढचे वाक्य बुडू नये. हेच दृश्य घरी एकट्याने पाहिले की ती जागा रिकामी आणि थोडी हास्यास्पद वाटते. बरोबरच आहे, ती आपल्यासाठी ठेवलेली होती आणि आपण तिथे नव्हतो. कलगी-तुऱ्यातला श्रोता पंच होता. दोन्ही बाजू ऐकून तो दाद वाटत होता. पंच डायलॉगच्या प्रेक्षकाला नायकाच्या बाजूने उभे करून प्रतिस्पर्ध्याऐवजी त्यालाच बोलायला लावले जाते. 'पंच' या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत उपलब्ध असल्याने हा विनोद आयताच हाती लागतो, एवढेच.

मी राहतो त्या वारज्यात या भाषेची चित्रपटगृहाबाहेरची वस्ती रोज दिसते. माळवाडीच्या चौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि त्यांवर गॉगल लावलेल्या तरुणाच्या छायाचित्राखाली कोणा अनाम विरोधकाला उद्देशून एखादे जरबेचे वाक्य असते. विरोधक कोण, हे फ्लेक्सवर नसते आणि बहुधा कुठेच नसते. वाक्य आहे, संथ गतीची चाल आहे, समोरचा नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा भाग मुठेच्या काठचे शेतीचे गाव होता. आज शेताच्या बांधांच्या जागी सोसायट्यांच्या भिंती आहेत. जमीन गेलेल्या घरातल्या मुलाला आपण कोणीतरी आहोत हे सांगण्यासाठी सातबाऱ्याऐवजी एक वाक्य हवे असावे, असा तर्क करता येतो.

महामार्गाने चांदणी चौकात पोहोचले की पौड रस्ता मुळशीकडे जातो. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) त्या बाजूच्या जमिनींची गोष्ट सांगतो. त्यातल्या गुंडांचे ठसकेबाज संवाद भ्रमणध्वनींवरून खूप फिरले, आणि ते टाळ्यांसाठीच लिहिलेले आहेत यात शंका नाही. पण त्या सगळ्या संवादांच्या आधी एक पाणउतारा होऊन गेलेला असतो. मोहन जोशींनी उभा केलेला सखा पाटील जमीन विकून बसतो आणि एके काळचा पाटील पहारेकऱ्याच्या, हमालाच्या कामाला लागतो. निळू फुल्यांच्या पाटलापासून या पाटलापर्यंतचा प्रवास अर्ध्या शतकाचा आहे. पहिल्याच्या एका विरामाने गाव गप्प होत असे. दुसऱ्याला कोणीही अरे-तुरे करावे आणि त्याने फाटक उघडावे. मुलगा राहुल ते पाहतो, आणि पुढे चित्रपटभर जे जे तडाखेबंद बोलले जाते ते त्या फाटकाशी झालेल्या गप्प बसण्याला दिलेले उशिराचे उत्तर असते. ज्यांना ते द्यायचे होते ती माणसे तोवर तिथून निघून गेलेली असतात, आणि समोर सापडतो तो आपल्यासारखाच जमीन विकलेल्या घरातला दुसरा मुलगा.